कूलरमधून पाणी किती जातंय ते हिशोबाने निघतं का?

मकरपुरावाला: आमच्याकडे मकरपुऱ्यात एक ऑइल कूलर आहे, शेल अँड ट्यूब, काउंटर फ्लो. तेल तासाला १०,००० किलो, ९० डिग्रीला आत, ६० ला बाहेर. पाणी ३२ ला आत जातं. पाण्याला फ्लोमीटर नाही आणि आउटलेटला थर्मामीटर पण नाही. साहेब म्हणतात एनर्जी बॅलन्स लावून पाण्याचा फ्लो काढ. निघतो का? मला तर नाही वाटत.

अजिंक्य_केमिकल: का नाही निघणार? तेलाने सोडलेली उष्णता पाण्याने घेतली, हे झालं एक समीकरण. दुसरं डेटाशीटमधून घे, यूए दिलेला असतोच, एलएमटीडी लावून आउटलेट काढ, मग फ्लो. एक्सेलमध्ये गोल सीक, काम खलास. थर्मामीटर बसवायचा खर्च कशाला?

दांडियाबाजार_नाना: अजिंक्य, दोन अज्ञातांना दोन समीकरणं लागतात हे तुझं बरोबरच, पण तुझं दुसरं समीकरण इथे किती लंगडं पडतं ते आकडे टाकून बघ. तेलाची सीपी २.१ धरली तर उष्णता तासाला ६,३०,००० किलोज्यूल, म्हणजे १७५ किलोवॉट, एवढं पक्कं. पाण्याच्या ४.१८ ने भागलं की फ्लो गुणिले तापमानवाढ साधारण १,५०,७०० येतं. बॅलन्स फक्त हा गुणाकार देतो. पाणी ८ डिग्री तापलं तर १८.८ टन, ४ डिग्री तापलं तर ३७.७ टन, दोन्ही चालतात.

आता यूए बघ. पाणी ४० ला बाहेर पडत असेल तर एलएमटीडी ३७.९, यूए ४.६१ किलोवॉट पर डिग्री. ३६ ला पडत असेल तर एलएमटीडी ३९.६, यूए ४.४२. फ्लो दुप्पट झाला आणि यूए चारच टक्के हलला! म्हणजे उलट्या बाजूने आलास तर यूएमधली चार टक्क्यांची चूक तुला फ्लोत दुप्पट-निम्म्याचा फरक दाखवेल, आणि ट्यूबमध्ये जरा गाळ बसला की यूए त्यापेक्षा कितीतरी जास्त घसरतो. डेटाशीटचा यूए म्हणजे कागदावरचा.

सयाजीबाग: कूलिंग टॉवरचा फॅन आणि नोझल साफ करून घ्या, ३२ चं पाणी २९ ला येईल, तेल आपोआप थंड होईल. आमच्याकडे तेच केलं.

मकरपुरावाला: तेल थंड होतंय हो भाऊ, प्रश्न पाणी किती जातंय याचा आहे.

स्नेहल_नंदेसरी: मला अजिंक्यचं अगदीच चूक नाही वाटत. माझ्याकडे कंडेन्सर आहे, वाफेची बाजू. कंडेन्सेट ड्रममध्ये दहा मिनिटं धरून वजन केलं, गुणिले २,२५७, आणि पाण्याचा फ्लो बरा निघाला की. अर्थात माझ्याकडे पाण्याचं इन आणि आउट दोन्ही होतं 😅 पण नाना, शेलमधून बाहेर उडणारी उष्णता कुठे धरलीत? तीच मोठी चूक असेल.

दांडियाबाजार_नाना: स्नेहलताई, ती मोठी नाही. शेलचा पृष्ठभाग पाच चौरस मीटर, हवेपेक्षा चाळीस डिग्री गरम धरला तरी दोनेक किलोवॉट जातात, १७५ मध्ये टक्काभर. तेलाची सीपी जास्त त्रास देते, ती २५ डिग्रीची उचलू नका, ७५ च्या आसपासची घ्या.

आणि तुमच्या कंडेन्सरचा हिशोब जमला तो आउटलेट होतं म्हणून. मकरपुरावाले, आउटलेट पाईपला बाहेरून सेन्सर बांधा, कॉमन रिटर्न हेडरला मिळायच्या आधी, नाहीतर दुसऱ्या कूलरचं पाणी मोजाल. पाईप घासून चकचकीत करा, सेन्सर घट्ट बांधा, वर ग्लासवूल गुंडाळा. इनलेटला पण अस्संच, तिथल्या थर्मामीटरचं रीडिंग वापरू नका. बांधायच्या आधी दोन्ही सेन्सर इनलेटवर शेजारी शेजारी ठेवून बघा, जेवढा फरक दिसेल तेवढा नंतर वजा करायचा.

अजिंक्य_केमिकल: पण मग फरक ८ डिग्रीचा असेल आणि प्रत्येक सेन्सर एक डिग्रीने चुकला तर? ६ किंवा १०, म्हणजे २५ टन किंवा १५ टन. तुमचं पण काही अचूक नाहीये.

दांडियाबाजार_नाना: हो, म्हणून तर शेजारी ठेवून बघायला सांगितलं, कायमची चूक त्यात निघून जाते. उरलेली काही दशांशाची, फ्लोमध्ये पाचेक टक्के. पण फरक दोनच डिग्री निघाला तर मीही हा हिशोब सोडून क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक भाड्याने आणेन.

मकरपुरावाला: फरक वाढवायला पाण्याचा व्हॉल्व्ह जरा दाबला तर?

दांडियाबाजार_नाना: मग तुम्ही दाबलेल्या व्हॉल्व्हचा फ्लो मोजाल, रोजचा नाही.

स्नेहल_नंदेसरी: पण पाणी कमी पडतंय का एवढंच बघायचं असेल तर वीस टक्के चूक चालते ना. साहेबांना नक्की काय ठरवायचंय ते आधी विचारा.

अजिंक्य_केमिकल: नवा पंप घ्यायचा असेल तर नाही चालत. आणि यूएचं म्हणाल तर ट्यूब साफ केल्यावर लगेच बांधलेल्या सेन्सरने एकदा काढून ठेवला, तर पुढे सेन्सर नसताना वापरता येईल, हे माझं मत अजून कायम आहे.

दांडियाबाजार_नाना: दोन महिन्यांनी गाळ बसल्यावर वापरून दाखव.