रिटेन्शनच्या पत्रात तारखा आधी, रक्कम नंतर

> “काम संपून दीड वर्ष झालं. मेन कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, क्लायंटची फायनल सही आली की रिटेन्शन देतो. नुसतं पत्र पाठवून काय होणार?”

नुसती रक्कम मागितली तर काहीच होणार नाही, हे खरं. माझं प्लंबिंगचं काम ४० लाखांचं होतं, बिलातून ५ टक्क्यांप्रमाणे राखून ठेवलेलं रिटेन्शन, म्हणजे २ लाख, अडकले होते. पहिल्या तीन पत्रांत मी फक्त पैसे मागितले आणि तिन्ही वेळा ‘सही बाकी आहे’ एवढंच उत्तर आलं. चौथ्या पत्रात काम ताब्यात दिल्याची तारीख आणि वर्क ऑर्डरप्रमाणे बारा महिन्यांचा दोषदायित्व काळ, म्हणजे कामात निघालेले दोष आपण दुरुस्त करून द्यायचा काळ, संपल्याची तारीख लिहिली. पुढे संयुक्त पाहणीसाठी एक दिवस ठरवून दिला आणि दोष असतील तर पंधरा दिवसांत लेखी यादी द्या, असं मागितलं. यादीत दोन गळके सांधे आले. ते दुरुस्त करून साइट इंजिनिअरची सही घेतली, मग अडवायला कारण उरलं नाही. मात्र तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये रिटेन्शन क्लायंटच्या सहीशी बांधलंय का, ते आधी वाचा. तसं असेल तर ती सही कोणामुळे रखडली हेही पत्रात विचारा.

आणखी एक. पैसे देय झाल्यापासून दावा करायला साधारण तीन वर्षं मिळतात आणि आपण पत्रं पाठवत राहिल्याने ती मुदत वाढत नाही. समोरच्याने मुदतीच्या आत, सहीनिशी, देणं लेखी मान्य केलं तर ती नव्याने सुरू होते. म्हणून पत्रासोबत शिल्लक रकमेचा ताळा जोडा आणि त्यावर त्यांच्या अकाउंट्सची सही-शिक्का मागा.