शिक्षेचे माप कशावरून: कृत्यावरून की कर्त्यावरून?

प्रथमवर्ष
अपराधशास्त्राच्या प्रास्ताविक परीक्षेत अभिजात आणि प्रत्यक्षवादी संप्रदायांची तुलना विचारतात. माझ्या मते अभिजात संप्रदाय फक्त शिक्षेचा विचार करतो म्हणून तो कठोर आहे, आणि प्रत्यक्षवादी संप्रदाय गुन्हेगाराला समजून घेतो म्हणून तो अधिक मानवी आहे. उत्तराचा निष्कर्ष असा लिहावा का? मत वेगळे असल्यास कारणासह सांगावे.

अनुक्रम
असा निष्कर्ष लिहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. अभिजात संप्रदायाचे प्रवर्तक बेकारिया यांनी १७६४ मध्ये गुन्हे आणि शिक्षा यांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा युरोपच्या बऱ्याच भागांत कबुलीसाठी आरोपीचा छळ करणे कायद्याला मान्य होते आणि शिक्षा किती द्यायची हे पुष्कळदा न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडलेले असे. त्यांनी छळाला आणि मृत्युदंडाला विरोध केला. शिक्षा भयंकर असण्यापेक्षा ती अटळ आणि तत्पर असली तर गुन्ह्याला अधिक आळा बसतो, असे त्यांचे म्हणणे होते. उलट, प्रत्यक्षवाद्यांपैकी गारोफालो यांनी, ज्यांच्या ठायी नैतिक जाणिवेचा कायमचा अभाव आहे अशा गुन्हेगारांसाठी मृत्युदंडाचे समर्थन केले. कठोर आणि मानवी ही विभागणी इथेच कोसळते.

तुलनेचा कणा दुसरीकडे आहे. बेकारिया शिक्षेचे माप समाजाला झालेल्या हानीवरून घेतात. करणाऱ्याचा हेतूसुद्धा त्यांना माप म्हणून मान्य नव्हता. प्रत्यक्षवादी फेरी आणि त्यांचे सहकारी विचारतात, की हा माणूस पुढे किती धोकादायक आहे आणि तो असा कशामुळे झाला. पहिल्या उत्तरावरून निकालाच्या दिवशीच शिक्षेची मुदत सांगता येते. दुसऱ्यावरून ती सांगता येत नाही, कारण गुन्हेगाराकडे रुग्णासारखे पाहिले, तर तो कधी बरा होईल हे त्याला दाखल करतानाच लिहून देता येत नसते. अनिश्चित मुदतीची शिक्षा निघाली ती या विचारातून.

सांजवारा
आपण गोष्ट अकारण गुंतागुंतीची करत आहात. प्रत्यक्षवादाचे प्रवर्तक लोंब्रोसो यांचा, शरीराच्या ठेवणीवरून ओळखता येतो असा ‘जन्मजात गुन्हेगार’ १८७६ मध्ये आला आणि १९१३ मध्ये चार्ल्स गोरिंग यांनी इंग्लंडमधील सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापे इतर लोकांशी ताडून, असा शारीरिक प्रकार अस्तित्वातच नसल्याचे दाखवले. प्रत्यक्षवादी संप्रदाय तिथेच संपला. उत्तरात एवढे लिहिले, की तुलना पूर्ण होते.

अनुक्रम
गोरिंग यांच्याविषयी आपण लिहिलेले बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. मोजमाप करायचे, तुलनेसाठी दुसरा गट घ्यायचा आणि फरक आकड्यांत तपासायचा, ही पद्धत प्रत्यक्षवादाचीच आहे. शिवाय गोरिंग स्वतः आनुवंशिकतेला महत्त्व देत होते आणि कैदी सरासरीने कमी उंचीचे व कमी वजनाचे असल्याचे त्यांनीच नोंदवले होते. लोंब्रोसो यांचा सिद्धान्त पडला. गुन्ह्याची कारणे माणसात आणि त्याच्या परिस्थितीत शोधावीत हा आग्रह मात्र पडला नाही. परीक्षेत या दोन गोष्टी एकत्र केल्या, की उत्तर तिथेच कच्चे पडते.

ओसरी
मी बरीच वर्षे मुलांच्या सुधारगृहात समुपदेशक होते. एकदा सारख्याच चोरीसाठी दोन मुले आमच्याकडे आली. एकाच्या घरी त्याला सांभाळणारे कोणीही उरले नव्हते. दुसरा मोठ्या मुलांच्या धाकाने त्यांच्याबरोबर गेला होता. दोघांना सारखीच मुदत मिळाली आणि पहिला सुटल्यावर महिन्याभरात परत आला. मला त्याचे फार वाईट वाटले आणि आजही वाटते. म्हणून माझा प्रश्न सरळ आहे: मुलांशी वागताना यांपैकी कोणता संप्रदाय वापरावा?

अनुक्रम
ताई, मूळ प्रश्न वापराचा नाही, तुलनेचा आहे; पण आपल्या अनुभवाने तुलनेतील सर्वांत अवघड जागा दाखवली आहे. कृत्य सारखे, कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळा हवा, हा प्रत्यक्षवाद्यांचा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे आणि मी तो नाकारत नाही. फ्रान्सच्या १७९१ च्या दंडसंहितेने बहुतेक गुन्ह्यांना ठरावीक शिक्षा लावून न्यायाधीशाचे हात बांधले, तरी सोळा वर्षांखालील आरोपीला समज होती की नव्हती, हा प्रश्न तिलाही ज्युरीपुढे ठेवावा लागला. पुढे १८१० च्या संहितेने किमान आणि कमाल मर्यादा घालून न्यायाधीशाला काही मोकळीक परत दिली.

आता दुसरी बाजू पाहावी. १९६४ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनात जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलावर शेजारणीला फोनवरून अश्लील बोलल्याचा आरोप आला. प्रौढ व्यक्तीला या कृत्यासाठी पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा जास्तीत जास्त दोन महिने कैद होती. बाल न्यायालयाने त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे सहा वर्षांपर्यंत, सुधारशाळेत पाठवले. तक्रारदार बाई न्यायालयात आल्याच नाहीत, कोणाची शपथेवर साक्ष झाली नाही आणि सुनावणीचे शब्दशः टिपण ठेवले गेले नाही. हे सगळे शिक्षा म्हणून केलेले नव्हते, तर उपचार आणि संगोपन म्हणून होते. आणि उपचार मानल्यामुळेच कृत्याशी प्रमाण राखण्याची गरज कोणाला वाटली नाही.

सांजवारा
म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये गॉल्टच्या खटल्यात सहा वर्षांची मुदत अतिरेकी ठरवून रद्द केली आणि अभिजात संप्रदाय जिंकला, असे म्हणायचे का?

अनुक्रम
नाही, तेवढा निकाल त्यात नाही. न्यायालयाने आरोपाची आगाऊ सूचना, वकील, साक्षीदाराची उलटतपासणी आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क या गोष्टी मुलांनाही लागू केल्या. कृत्य सिद्ध झाल्यावर मुलाचे काय करावे आणि किती काळ करावे, हा टप्पा त्या निर्णयाच्या कक्षेबाहेर ठेवला होता. कृत्य झाले का, हे ठरवताना बेकारिया यांनी मागितले होते तसले संरक्षण आणि त्यानंतर व्यक्तीकडे पाहणारी व्यवस्था, असा दोहोंचा मेळ तिथे राहिला.

तळटीप
मला या उदाहरणावर आक्षेप घ्यायचा आहे. अनाथ किंवा असहाय मुलांचा पालक राज्य आहे, ही इंग्रजी कायद्यातील कल्पना लोंब्रोसो यांच्या कितीतरी आधीची आहे, आणि शिकागोत १८९९ मध्ये पहिले बाल न्यायालय स्थापन झाले ते मुख्यतः तिच्याच आधारे. गॉल्टवर झालेल्या अन्यायाचे ओझे प्रत्यक्षवादावर टाकणे म्हणूनच मला योग्य वाटत नाही.

अनुक्रम
आक्षेप वजनदार आहे. पालकत्वाच्या कल्पनेने न्यायालयाला अधिकार दिला, हे मला मान्य आहे. पण तो अधिकार किती काळ वापरायचा याचे उत्तर ‘सुधारेपर्यंत’ असे देण्याची सवय प्रत्यक्षवादी विचाराने पक्की केली, असे माझे मत आहे. यावर आपले एकमत होईल असे दिसत नाही.

प्रथमवर्ष
माझा निष्कर्ष मी मागे घेतो. पण परीक्षेत एखादा प्रसंग देऊन संप्रदाय ओळखायला सांगितला, तर ओळखावे कसे?

अनुक्रम
प्रसंगातील कृत्य तसेच ठेवावे आणि मनातल्या मनात माणूस बदलून पाहावा. मुदत बदलली, तर तर्क प्रत्यक्षवादी आहे. नंतर माणूस तोच ठेवून कृत्य किरकोळ करावे. तरीही मुदत तेवढीच राहिली, तर शंका उरत नाही. गॉल्टच्या जागी प्रौढ ठेवला, की सहा वर्षांचे दोन महिने होतात.

ओसरी
माझ्या त्या पहिल्या मुलाला या कसोटीने काय मिळाले असते, हे मला अजून उमगलेले नाही. प्रमाणात शिक्षा मिळाली तरी घर त्याला नव्हतेच.