अनुभव धागा: मीटिंगचं निमंत्रण भलत्याच व्यक्तीला गेलं आणि ती व्यक्ती मीटिंगला आलीसुद्धा

रेवती_पुणे

एचआर, अ‍ॅडमिन, आयटी हेल्पडेस्क, साहेबांचं कॅलेंडर सांभाळणारे अशा सगळ्यांना हे आमंत्रण आहे. खालचा प्रसंग पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीतला आहे. नावं मुद्दाम देत नाही. "किती वाईट झालं" असं लिहिण्यापेक्षा नेमकं कुठे बिघडलं, कसं ओळखता आलं असतं आणि कोणत्या क्रमाने निस्तरायचं, हे रोजच्या कामातून जे माहीत आहे ते लिहा.

कंपनीत दोन एस. पाटील. एक अकाउंट्समध्ये, एक टेस्टिंगमध्ये. अकाउंट्सच्या पाटलांशी कामगिरीबद्दल बोलायचं ठरलं होतं: गुरुवारी दुपारी ४ ते ४.३०, त्यांचे मॅनेजर आणि मुंबईहून व्हिडिओवर एचआर अधिकारी. कोऑर्डिनेटरने बुधवारी संध्याकाळी आउटलुकमधून निमंत्रण पाठवलं. विषय होता "PIP discussion – S Patil". ते गेलं टेस्टिंगच्या पाटील मॅडमना. त्यांनी रात्री `Accept` केलं.

गुरुवारी त्या वही घेऊन वेळेवर खोलीत बसल्या. मुंबईच्या अधिकाऱ्यांनी दोघांपैकी कुणालाच पाहिलेलं नव्हतं. मॅनेजर चार मिनिटं उशिरा आले. तेवढ्यात "मागच्या तिमाहीत तुमच्या कामात चुका वाढल्यात, असं तुमच्या मॅनेजरचं म्हणणं आहे" इथपर्यंत बोलणं गेलं होतं आणि मॅडम कसंबसं स्पष्टीकरण देत होत्या. मॅनेजरनी दार उघडलं आणि दारातूनच विचारलं, "यांना कुणी बोलावलं?"

पुढची दोन मिनिटं कुणाला काय बोलावं ते सुचलं नाही.

नाशिककर

यात एवढं काय? चूक कळली की `Recall` करायचं. ऑफिसातल्या ऑफिसात मेल परत घेता येते.

सर्व्हरवाला

नाशिककर, साध्या मेलपुरतं तुमचं बरोबर आहे. एकाच संस्थेच्या आत ते चालतं. जुन्या पद्धतीत समोरच्याने मेल उघडली की संपलं. मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची नवी सोय वाचलेली मेलही काढू शकते. पण मीटिंगच्या निमंत्रणाला `Recall` नाही. निमंत्रण रद्दच करावं लागतं आणि रद्द केल्याची आणखी एक मेल जाते. जीमेलमधलं `Undo Send` हेसुद्धा परत घेणं नव्हे. ५, १०, २० किंवा ३० सेकंद मेल दारात थांबवून ठेवलेली असते, इतकंच. मूळ सेटिंग ५ सेकंदांचं असतं. ते ३० करून ठेवा, त्याला काही खर्च नाही.

निमंत्रण म्हणजे मेल अधिक कॅलेंडरमधली नोंद. प्रत्येक मीटिंगला एक ओळखक्रमांक असतो आणि रद्द करताना आत साधारण हे जातं:

```
METHOD:CANCEL
UID:(मूळ निमंत्रणाचाच क्रमांक)
SEQUENCE:1
STATUS:CANCELLED
```

UID तोच असला तरच समोरच्या कॅलेंडरला कळतं की कोणती नोंद मारायची. घाबरून लोक आपल्या बाजूची नोंद न कळवताच पुसून टाकतात आणि नवी मीटिंग बनवतात. मग चुकीच्या माणसाकडे जुनी नोंद तशीच राहते, पंधरा मिनिटं आधी आठवणही वाजते आणि तो माणूस मीटिंगला येतो. "रद्द केली होती की, तरी आले कसे?" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

अनघा_एचआर

चूक घडते ती नाव टाइप करताना. आउटलुक नावांच्या सूचना देतं त्या आपण कुणाशी जास्त पत्रव्यवहार करतो त्यावरून. विम्याच्या फॉर्मवरून आठवडाभर टेस्टिंगच्या पाटलांशी मेल चालू असतील, तर `pat` म्हटल्याबरोबर त्याच वर येणार. हात सवयीने एंटर दाबतो. अशा नाजूक मीटिंगला नाव टाइपच करू नये. एम्प्लॉयी मास्टरमधून पूर्ण ईमेल आयडी उचलून चिकटवावा, मग नावावर माउस नेऊन कार्डावरचा विभाग आणि हुद्दा वाचावा. सूचनेशेजारच्या फुलीवर क्लिक केलं की ते नाव यादीतून जातं, पण पुन्हा त्यांना एक मेल केली की परत येतं. त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

रेवतीताईंनी लिहिलेल्या प्रसंगात एक खूण डोळ्यांसमोर असणार. `Scheduling Assistant` उघडलं की समोरच्याची वेळ मोकळी आहे की भरलेली ते दिसतं. महिनाअखेरीला अकाउंट्सच्या माणसाची अख्खी दुपार मोकळी दिसली, तर तिथेच थांबून बघायला हवं की हा माणूस तोच आहे का. मोकळी वेळ दिसली की आपल्याला हायसं वाटतं आणि तिथेच फसतो.

शिकागोहून_माधव

आमच्याकडे हा गोंधळ दर मार्चमध्ये होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात, भारतात जात नाहीत. मीटिंग न्यूयॉर्कच्या वेळेने सकाळी ११ ला लावलेली असेल तर पुण्यात ती रात्री ९.३० ची ८.३० होते. पुण्याची टीम तासाभराने येते आणि सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात. निमंत्रणात टाइमझोन जरूर तपासा.

रेवती_पुणे

माधव, तो चुकीच्या वेळेचा घोळ झाला. इथे वेळ बरोबर होती, माणूस चुकला. पण वेगळा धागा काढा, लोक लिहितील.

डोंबिवली_फास्ट

निमंत्रण `Private` केलं असतं तर त्यांना काही दिसलंच नसतं ना?

सर्व्हरवाला

नाही. `Private` मुळे तुमचं कॅलेंडर शेअर असलेल्या इतरांना तपशील दिसत नाही. ज्याला निमंत्रण गेलं त्याला सगळंच दिसतं. इथे खरं काम विषयाची ओळ करते. नाव आणि PIP हा शब्द विषयात नकोच. "चर्चा, गुरुवार ४ वा." एवढं पुरतं, बाकी बोलणं मीटिंगमध्ये. फाइल तर निमंत्रणाला कधीच जोडू नये. मीटिंग रद्द झाली तरी इनबॉक्समधली मूळ मेल आणि तिची अटॅचमेंट तिथेच राहते. लिंक दिली असेल तर निदान तिची परवानगी काढता येते.

`Response Options` मध्ये जाऊन फॉरवर्ड करण्याची मुभाही बंद करा. ती चालू असली आणि कुणी पुढे पाठवलं, तर आयोजकाला तशी सूचना येते खरी, पण तोवर ते पोचलेलं असतं.

मृण्मयी_क

मी वरिष्ठांची कॅलेंडरं सांभाळते, तर निस्तरण्याच्या क्रमाबद्दल लिहिते. चूक मीटिंगच्या आधी कळली तर त्याच निमंत्रणातून एक पाटील काढून दुसरे पाटील घालू नका. हा मोह फार होतो. बदल पाठवताना आउटलुक विचारतं की फक्त बदललेल्यांना कळवू की सगळ्यांना. घाईत दुसरा पर्याय निवडला की मॅनेजरपासून सगळ्यांना अदलाबदल दिसते. मूळ मजकूरही तसाच पुढे जातो. पूर्ण मीटिंग रद्द करायची, रद्द करण्याच्या मेलमधला मजकूर पुसून "हे निमंत्रण चुकून आपल्याकडे आलं, आपल्याशी याचा संबंध नाही" एवढं लिहायचं. मग योग्य व्यक्तीसाठी नवं निमंत्रण, कोऱ्या पानावरून. जुनं कॉपी करायचं नाही.

मीटिंग सुरू झाल्यावर कळलं तर पहिलं वाक्य चुकीच्या व्यक्तीसाठी असावं: "मॅडम, हे निमंत्रण तुमच्यासाठी नव्हतं. तुमच्या कामाबद्दल कुठलीही तक्रार नाही. चूक आमची आहे." या क्रमाने. "काहीतरी कन्फ्यूजन झालंय" म्हणून त्यांना बाहेर पाठवलं तर त्या जागेवर जाऊन हाच विचार करत बसतील की आपल्याबद्दल खरंच काही चाललंय का. आणि दुसऱ्या पाटलांचं नाव त्या खोलीत उच्चारू नये. "अहो, ते अकाउंट्सच्या पाटलांचं होतं" हे वाक्य सुटकेचं वाटतं, म्हणून पटकन तोंडून जातं. त्याने एका माणसाचं दडपण उतरतं आणि दुसऱ्याची गोष्ट उघडी पडते. मॅनेजरनी दारातून विचारलेला प्रश्न तर पुसता येणार नाही, पण पुढचं वाक्य त्यांनी सांभाळायला हवं होतं.

त्याच दिवशी टेस्टिंगच्या मॅडमच्या स्वतःच्या मॅनेजरनी त्यांना दोन ओळींची मेल लिहावी की त्यांच्यावर कोणतीही प्रक्रिया चालू नाही. तोंडी आश्वासन रात्रभर टिकत नाही.

अनघा_एचआर

मजकूर पुसून रद्द करण्याशी सहमत, पण त्याआधी फोन हवा. रद्द झाल्याची मेल विषयासकट जाते. न वाचलेली गोष्ट त्या मेलमुळेच वाचली जाते.

मृण्मयी_क

आणि फोन केलात तर तोवर न पाहिलेलं त्या फोन चालू असतानाच उघडून बघतात. मी आधी रद्द करते, लगेच फोन करते.

अनघा_एचआर

इथे आपलं जुळणार नाही. समोरच्याने `Accept` केलेलं असेल तर त्याने वाचलेलं आहे, तिथे फोनच आधी.

कायदेशीर_कोल्हापूर

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वैयक्तिक माहिती चुकून उघड होणं हेही भंगात धरलेलं आहे. कामगिरीचा तपशील दुसऱ्या कर्मचाऱ्याला दिसला, तर ती नुसती ओशाळवाणी गोष्ट राहत नाही. एका निमंत्रणापुरतं काय करायचं ते कंपनीच्या विधी विभागाने ठरवावं, पण काय गेलं, कुणाला गेलं, कधी रद्द केलं याची नोंद त्याच दिवशी करून ठेवावी. मेल डिलीट करायला सांगून मोकळं होऊ नये.

डोंबिवली_फास्ट

अकाउंट्सच्या पाटलांना हे सांगायचं की नाही? त्यांना तर निमंत्रणच मिळालं नव्हतं.

अनघा_एचआर

सांगायचं, आणि नवं निमंत्रण पाठवायच्या आधी. कँटीनमधून कळलं तर पुढच्या मीटिंगमध्ये तेच पहिला विषय होतो आणि तो रास्तही असतो. त्यांच्या मॅनेजरसोबत एचआरच्या वरिष्ठांनी समोर बसून सांगावं. त्यांची चर्चा त्याच दिवशी उरकायचा हट्ट नको, दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत.

सर्व्हरवाला

दोन ठिकाणं बहुतेकांच्या लक्षातून सुटतात. पहिलं, टीम्समधलं मीटिंगचं चॅट. निमंत्रणातून नाव काढलं म्हणजे चॅटमधूनही गेलं असं धरू नका. सहभागींची यादी उघडून तिथून वेगळं काढा. रेकॉर्डिंग किंवा ट्रान्सक्रिप्ट चालू होतं का तेही बघा, कारण त्या चार मिनिटांतलं बोलणं तिथे असेल.

दुसरं, कॉन्फरन्स रूम. एक्स्चेंजमध्ये खोलीच्या मेलबॉक्सचं मूळ सेटिंग मीटिंगचा विषय काढून तिथे आयोजकाचं नाव दाखवतं. पण बऱ्याच ऑफिसांत "कोणाची मीटिंग आहे ते कळत नाही" म्हणून हे बदलून घेतलेलं असतं. मग दाराबाहेरच्या पडद्यावर पूर्ण विषय झळकतो. आयटीवाल्यांना `DeleteSubject` चालू आहे का एवढं विचारा. रेवतीताई, त्या कंपनीत दाराबाहेर पडदा होता का?

रेवती_पुणे

होता. विषय दिसत होता का, ते उद्या विचारून इथे लिहिते.