मदत हवी आहे: फिजिक्सच्या मॅडमना मेल करायचाय, आकृतीतला एक आकडा वाचताच येत नाही

सायली_१२वी
बारावी सायन्सला आहे. मॅडमनी करंट इलेक्ट्रिसिटीवर सराव प्रश्नांची झेरॉक्स दिली आहे, सोमवारी सोडवून द्यायची आहे. त्यातला 14 वा प्रश्न व्हीटस्टन ब्रिजचा. AB मध्ये 4 ओहम, BC मध्ये 6, DC मध्ये 12, हे सगळं दिसतंय. पण AD वर टोनरचा काळा पट्टा गेलाय आणि तिथला आकडा 3 आहे की 8 हे काही केल्या कळत नाही. A आणि C ला 10 व्होल्टची बॅटरी, B आणि D मध्ये 20 ओहमचा गॅल्व्हॅनोमीटर. त्यातून जाणारा करंट काढायचाय, 4 मार्कांना.

मी असा मेल लिहिला आहे:

"मॅडम, तुम्ही दिलेल्या प्रश्नसंचातली आकृती नीट दिसत नाही. त्यामुळे प्रश्न सोडवता आला नाही. कृपया आकृती लवकर पाठवा. धन्यवाद."

हे उद्धट वाटतं का? मॅडम कडक आहेत.

कोकणचा_राजा
अगं, परीक्षेत असं झालं तर लगेच पर्यवेक्षकांना सांगायचं, ते प्रश्नपत्रिका बदलून देतात. घरी आल्यावर मेल करून काय उपयोग?

सायली_१२वी
@कोकणचा_राजा परीक्षा नाहीये हो, घरी करायचा सराव आहे 🙂

पेनड्राइव्ह
मेल कशाला हवा? 8 च आहे. 4 ला 6, तसे 8 ला 12. ब्रिज बॅलन्स झाला, गॅल्व्हॅनोमीटरमधून करंट शून्य. दोन ओळीत उत्तर. 3 धरलंस तर काहीतरी विचित्र दशांशातलं येईल, पेपर काढणारे असे आकडे देत नाहीत.

निवृत्त_मास्तर
पेनड्राइव्ह, 8 धरल्यावर ब्रिज बॅलन्स होतो हे बरोबर. पण "8 च" कशावरून? करंट शून्यच यायचा असेल तर गॅल्व्हॅनोमीटरचे 20 ओहम दिले कशाला? बॅलन्स झालेल्या ब्रिजमध्ये तो आकडा लागतच नाही. आणि दोन ओळींच्या उत्तराला 4 मार्क कोण देतं?

आता 3 धरून बघा. गॅल्व्हॅनोमीटर बाजूला काढला तर C च्या तुलनेत B वर 6 व्होल्ट येतात आणि D वर 8. म्हणजे करंट D कडून B कडे जाणार. गॅल्व्हॅनोमीटर परत जोडून किरचॉफचे लूप लिहिले की साधारण 0.081 अँपिअर येतो. दिसायला सुबक नाही, पण 4 मार्कांचं काम यात नक्की आहे. उलट बाजूनेही बोलता येतं: मुलं 20 पाहून लूप लिहीत बसतात की आधी गुणोत्तर तपासतात, हे बघायला मुद्दाम जादा आकडा देणारे शिक्षक मी पाहिलेत. मीही दिलेत. त्यामुळे इथे बसून कोणालाच ठरवता येणार नाही.

सायली, तुझा मेल उद्धट नाही, पण त्यातून मॅडमना काहीच कळत नाही. कुठला संच, कितवा प्रश्न, आकृतीचा कुठला भाग? त्यांच्याकडे चार वर्ग असतील, त्यांनी सगळं शोधत बसायचं का? आणि "सोडवता आला नाही" हेही खरं नाही. दोन्ही आकडे धरून सोडव आणि दोन्ही उत्तरं मेलमध्ये लिही. मग त्यांना "8" एवढंच लिहून पाठवलं तरी पुरतं.

त्याआधी एक कर. मैत्रिणींच्या प्रती बघ. पट्टा फक्त तुझ्याच कागदावर असेल तर तिच्या कागदावरून आकडा उतरवून घे, मेलची गरजच नाही. सगळ्यांच्या प्रतींवर त्याच जागी असेल तर मूळ कागदच खराब आहे, आणि मॅडमना कळवलेलं बरं, कारण अख्खा वर्ग अडलेला असणार.

नागपूरची_मावशी
आमच्याकडे लेकीचं बायोलॉजीत असंच झालं. हृदयाच्या आकृतीत एका बाणाचं टोकच छापलं नव्हतं, तो डाव्या कर्णिकेकडे जातोय की फुप्फुसशिरेकडे ते समजेना. तिने सरांना ड्राइव्हची लिंक पाठवली, ती उघडेना, सरांनी परवानगी मागितली, हिने मेल बघितलाच नाही. चार दिवस गेले त्यात. तू फोटो सरळ मेललाच जोड, जेपीजीमध्ये. आयफोनवरचा फोटो कधी कधी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये जातो आणि जुन्या कंप्युटरवर उघडत नाही. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढ, फ्लॅश नको. टोनर चमकतो आणि उरलंसुरलंही दिसत नाही.

पेनड्राइव्ह
20 ओहमचा मुद्दा मान्य. तरी माझं मत 8 च 😄

सायली_१२वी
तीन जणींच्या प्रती पाहिल्या. सगळ्यांवर तिथेच पट्टा. एकीने 3 धरलाय, एकीने 8, तिसरीने प्रश्नच सोडून दिलाय. दोन्ही उत्तरं काढली, मास्तरांसारखीच आली. आता मेल असा:

विषय: बारावी सायन्स, करंट इलेक्ट्रिसिटी सराव संच, प्रश्न 14 मधील AD चा आकडा

सप्रेम नमस्कार मॅडम,
मी बारावी सायन्सची सायली, रोल नंबर खाली दिला आहे. प्रश्न 14 च्या आकृतीत A आणि D मधल्या रेझिस्टन्सचा आकडा काळ्या पट्ट्यामुळे वाचता येत नाही. तो 3 किंवा 8 असावा असं वाटतं. आणखी तिघींच्या प्रतींवरही तिथेच पट्टा आहे. 8 धरल्यास ब्रिज बॅलन्स होतो आणि गॅल्व्हॅनोमीटरमधला करंट शून्य येतो. 3 धरल्यास तो सुमारे 0.081 अँपिअर, D कडून B कडे येतो. आपण योग्य आकडा सांगाल का? पूर्ण प्रश्नाचा आणि त्या भागाचा जवळून काढलेला, असे दोन फोटो जोडले आहेत.
आपली विद्यार्थिनी,
सायली

निवृत्त_मास्तर
उत्तम. "सप्रेम" तेवढं काढ. ते बरोबरीच्यांना किंवा लहानांना लिहितात. बाईंना "सादर नमस्कार" किंवा नुसतं "नमस्कार मॅडम" लिही. "आपण" घेतलंस ते शेवटपर्यंत ठेवलंस, हे बरं केलंस. पुष्कळ मुलं वर "आपण" लिहितात आणि खाली "तुम्ही"वर घसरतात.

कोकणचा_राजा
मला अजूनही वाटतं हे वर्गात हात वर करून विचारायचं काम आहे. मेलवर एवढं कोण लिहितं?

सायली_१२वी
@कोकणचा_राजा आज शुक्रवार संध्याकाळ आहे, वर्ग सोमवारी आहे आणि सोमवारीच वही द्यायची आहे.

सायली_१२वी
मेल पाठवला, मॅडमचं उत्तरही आलं. मूळ कागद कॉलेजात आहे, सोमवारी बघून सांगते म्हणाल्या. तोवर वहीत दोन्ही रीतींनी सोडवून ठेव आणि वर "AD = 8 ओहम धरून", "AD = 3 ओहम धरून" असं लिही. रागावल्या नाहीत. 20 ओहम दिला असताना 8 शक्य आहे का असं मी विचारलं होतं, त्यावर फक्त "विचार करून बघ" एवढंच लिहिलंय.

पेनड्राइव्ह
म्हणजे 8 च.

निवृत्त_मास्तर
म्हणजे काहीच नाही. सोमवारी आकडा इथे टाक गं.