शब्दचर्चा: 'बायनरी सर्च'ची यादी 'वर्गीकृत' की 'क्रमवार'?

शब्दशोधिनी
प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठीची एक पुस्तिका मराठीत तपासते आहे. त्यात 'बायनरी सर्च'बद्दल एक वाक्य आलंय : "वर्गीकृत यादीत द्विमान शोध पद्धतीने घटक लवकर सापडतो." मला यातले दोन शब्द खटकतात. 'द्विमान' म्हटलं की ० आणि १ ची अंकपद्धती आठवते, तिचा इथे काही संबंध आहे का? आणि सॉर्टेडला 'वर्गीकृत' म्हणावं का? जाणकारांनी सांगावं. मला नुसता पर्यायी शब्द नकोय, आत नेमकं काय घडतं ते कळलं तर शब्द निवडणं सोपं जाईल.

सागरगोटा
संबंध आहे ना! संगणक सगळं ० आणि १ मध्येच ठेवतो, म्हणून बायनरी. आणि पद्धत सोपी आहे. आपण शब्दकोश मधेच उघडतो, शब्द पुढे असेल तर पुढे जातो, मागे असेल तर मागे. यादी लावलेली असली की वेग वाढतो, नसली तर थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच.

तर्कवेल
सागरगोटा, मधे उघडून मागेपुढे जायचं हे बरोबर. बाकी दोन गोष्टी मात्र दुरुस्त करायला हव्यात.

पहिली, ० आणि १ चा इथे संबंध नाही. दर तपासणीला यादीचे दोन भाग होतात आणि त्यातला एक टाकून दिला जातो, 'बायनरी' आलं ते त्या दोन भागांवरून. शब्दकोश उघडताना आपण 'स' साठी सरळ शेवटाकडचं पान काढतो, म्हणजे अंदाज बांधतो. ही पद्धत अंदाज बांधत नाही, नेहमी उरलेल्या भागाचा बरोबर मधला घटक बघते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. यादी क्रमाने नसेल तर 'थोडा वेळ जास्त' लागत नाही. वेळ तेवढाच लागतो, उत्तर चुकू शकतं.

समजा १० लाख संख्या चढत्या क्रमाने आहेत आणि आपली संख्या मधल्या संख्येपेक्षा मोठी निघाली. आपण एकच संख्या पाहिली, पण डावीकडच्या जवळपास ५ लाख संख्या न बघता बाद केल्या. हा अधिकार कुठून आला? डावीकडची प्रत्येक संख्या मधलीपेक्षा लहान किंवा तिच्याएवढी आहे, ही खात्री क्रमाने दिली म्हणून. एका तुलनेचं उत्तर न पाहिलेल्या ५ लाख संख्यांनाही लागू पडलं. पुढच्या तपासणीत अडीच लाख जातात, मग सव्वा लाख. अशा जास्तीत जास्त २० तपासण्यांत निकाल लागतो, कारण २ चा विसावा घात १०,४८,५७६ आहे. क्रम काढून घेतला तर मधल्या संख्येशी केलेली तुलना फक्त त्या एका संख्येबद्दल बोलते. डावीकडे काय आहे हे तिला माहीतच नसतं.

हिशोबनीस
माझी अडचण वेगळी आहे, पण इथे तज्ज्ञ मंडळी दिसतात म्हणून विचारतो. स्प्रेडशीटमध्ये VLOOKUP लावलंय, डाव्या स्तंभात खातेक्रमांक आणि शेजारी रक्कम. काही ओळींना बरोबर रक्कम येते, काहींना भलत्याच खात्याची. खातेक्रमांक तर यादीत आहेत, मी डोळ्यांनी पाहिलेत. क्रमांकांच्या स्वरूपात काही गडबड असेल का?

तर्कवेल
अडचण वेगळी नाही, याच धाग्यातली आहे. सूत्रात चौथी जागा रिकामी ठेवली आहे का? ती सोडली की TRUE धरलं जातं, म्हणजे अंदाजे जुळणी, आणि त्यासाठी पहिला स्तंभ चढत्या क्रमाने असावाच लागतो.

हाताने करून पाहा. क्रमांक असे आहेत असं धरा : १२, ४७, १९, ८८, ३५. शोधायचा आहे ३५. मधला १९, तो लहान, म्हणून उजवीकडे. तिथे उरले ८८ आणि ३५, त्यातला पहिला बघितला तर ८८, तो मोठा, म्हणून डावीकडे. डावीकडे काही उरलंच नाही. शोध संपला आणि ३५ वर नजर गेलीच नाही. अंदाजे जुळणीत 'सापडलं नाही' असं न म्हणता लहानांपैकी सर्वांत जवळचा घेतला जातो, म्हणून १९ ची रक्कम ३५ च्या नावावर येते. प्रोग्रामच्या आतली पावलं थोडी निराळी असू शकतील, पण चूक याच जातीची.

चौथ्या जागी FALSE लिहा. मग नेमकी जुळणी होते आणि क्रमाची अट राहत नाही.

हिशोबनीस
चौथी जागा रिकामीच होती. FALSE लिहिल्यावर जुळलं. पण मग आधी काही ओळी बरोबर कशा येत होत्या?

तर्कवेल
वरच्याच यादीत १९ शोधा, पहिल्याच तपासणीला मिळेल. ८८ शोधा, दुसऱ्या तपासणीला मिळेल. शोधाच्या वाटेवर जे घटक योगायोगाने आडवे येतात ते सापडतात. म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही. चारदोन नमुने तपासून 'चालतंय' असं म्हणणाऱ्याला ती दिसत नाही.

शब्दशोधिनी
म्हणजे 'वर्गीकृत' बादच. वर्गीकरणात आपण गट पाडतो, गटाच्या आत पुढेमागे काही नसतं. 'क्रमवार' किंवा 'क्रमबद्ध' घेते. पण आता नवी शंका आली. क्रमवार म्हणजे कोणत्या क्रमाने? संख्यांचं ठीक आहे. शब्दांचं काय?

मात्रावृत्त
हा प्रश्न मराठीसाठी अगदी खरा आहे. वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, आणि क्ष, ज्ञ सर्वांत शेवटी. काही कोश मात्र क्ष ला क च्या जोडाक्षरांत आणि ज्ञ ला ज मध्ये घालतात. दोन्ही क्रम आपापल्या जागी योग्य आहेत. संगणक कोणता मानतो?

तर्कवेल
सांगितलं नाही तर दोन्ही मानत नाही. तो युनिकोडमधल्या वर्णांच्या क्रमांकांनी तुलना करतो. त्यात ळ येतो ल आणि व यांच्या मधे. क्ष हे एक अक्षर नसून क, हलन्ताचं चिन्ह आणि ष असे तीन वर्ण असतात. शब्दशोधिनींच्या शंकेचं उत्तर इथे दाखवता येईल. हा नेहमीचा कोड :

```python
def find(words, x):
    low, high = 0, len(words) - 1
    while low <= high:
        mid = (low + high) // 2
        if words[mid] == x:
            return mid
        if words[mid] < x:
            low = mid + 1
        else:
            high = mid - 1
    return -1
```

याला वर्णमालेप्रमाणे नीट लावलेली यादी द्या : कमल, खडू, गवत, घर, नदी, हवा, क्षमा. शोधा 'क्षमा'. मधला शब्द 'घर'. कोडच्या दृष्टीने 'क्षमा' सुरू होतो क ने, म्हणून तो 'घर'च्या आधी, डावीकडे चला. आता मधला 'खडू', पुन्हा तेच, डावीकडे. उरला 'कमल'. पहिला क सारखा, दुसऱ्या जागी हलन्ताचं चिन्ह आणि म यांची तुलना. त्या चिन्हाचा क्रमांक U+094D, म चा U+092E, म्हणजे 'क्षमा' मोठा ठरला. उजवीकडे जायला जागा नाही, उत्तर -1. शब्द यादीत आहे आणि कोड म्हणतो नाही.

उरलेले सहाही शब्द याच यादीत बिनचूक सापडतात, करून पाहा. यादी क्रमवार होती, कोडही बरोबर होता. यादी लावणाऱ्याचा क्रम आणि शोधणाऱ्याची तुलना एक नव्हती, एवढंच बिघडलं.

सागरगोटा
हे मला माहीत नव्हतं. माझं ते 'थोडा वेळ जास्त' वाक्य मागे घेतो. मग कोडनेच आधी यादी क्रमाने आहे का ते तपासून घ्यावं, हा साधा उपाय नाही का?

तर्कवेल
तपासायचं तर प्रत्येक शेजारची जोडी बघावी लागेल, १० लाखांच्या यादीत ९,९९,९९९ तुलना. तेवढ्यात तर सरळ पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधून झालं असतं. वीस तपासण्यांत उत्तर हवं असेल तर क्रमावर विश्वास ठेवण्यावाचून मार्ग नाही. जावाच्या Arrays.binarySearch च्या माहितीतही स्पष्ट लिहिलंय की यादी क्रमाने नसेल तर निकालाची हमी नाही. मात्र यादी एकदा भरताना किंवा चाचणी घेताना ही तपासणी जरूर करावी, आणि तीही शोधात वापरणार त्याच तुलनेने.

जावाच्या त्याच फंक्शनची एक सोय उपयोगी पडते. घटक न मिळाल्यास ते नुसतं 'नाही' म्हणत नाही, तो कुठे बसला असता ते ऋण संख्येत सांगतं. वरच्या यादीत 'क्षमा'साठी -2 मिळेल, म्हणजे 'कमल' आणि 'खडू' यांच्या मधली जागा. ते पाहिलं की लगेच कळतं, शोधणाऱ्याच्या मते क्ष हा क मध्ये आहे.

सागरगोटा
आणि दर वेळी शोधण्याआधी कोडनेच यादी लावून घेतली तर?

तर्कवेल
एकदाच शोधायचं असेल तर तोट्याचं. यादी लावायला एका सरळ फेरीपेक्षा जास्त काम पडतं. एकदा लावून पुष्कळदा शोधायचं असेल तेव्हाच ते काम वसूल होतं. आणि मधे नवे घटक येत राहिले तर प्रत्येकाला त्याच्या जागी बसवताना पुढचे सरकवावे लागतात, तोही खर्च धरा.

मात्रावृत्त
शब्दाकडे येतो. 'द्विभाजन शोध' मला योग्य वाटतो, दोन भाग करण्याची कृती त्यात आहे. 'अर्धशोध' सुटसुटीत आहे, पण तो अर्धवट शोध वाटतो.

तर्कवेल
'द्विभाजन'वर माझा थोडा आक्षेप आहे. समीकरणाचं मूळ शोधण्याची जी बायसेक्शन पद्धत आहे, तिला मी हाच शब्द वापरलेला पाहिलाय. नातं जवळचं असलं तरी दोन्ही एक नव्हेत. मी 'बायनरी सर्च'च ठेवीन. मुलांना कोडमध्येही तेच नाव दिसणार आहे.

मात्रावृत्त
तो गोंधळ एका वाक्यात दूर करता येतो. त्यासाठी मराठी शब्द सोडू नये.

शब्दशोधिनी
नावाचं अजून ठरत नाही, दोन्ही मतं संपादकांना कळवते. वाक्य मात्र असं बदललंय : "यादी ज्या क्रमाने लावली आहे त्याच क्रमाने तुलना केली, तर प्रत्येक तपासणीत उरलेल्या यादीचा अर्धा भाग न बघता सोडून देता येतो." लांबलं आहे, पण 'त्याच क्रमाने' हे शब्द गाळायला मन होत नाही. आणि पुस्तिकेच्या शेवटी शब्दसूची आहे, तिच्यात 'क्षेत्र' आणि 'ज्ञान' आहेत. ती वर्णमालेप्रमाणे लावावी की कोशांसारखी क आणि ज मध्ये?

मात्रावृत्त
छापील सूचीत वर्णमालेप्रमाणे.

तर्कवेल
तीच सूची संकेतस्थळावरही जाणार असेल, तर तिथल्या शोधाला कोणती तुलना दिली आहे ते आधी विचारा.