मदत हवी आहे: एबीएसचा दिवा मधेच लागतो, वायर की सेन्सर?

गाडी गरम झाल्यावर खडबडीत रस्त्यावर एबीएसचा दिवा लागतो. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की जातो. स्कॅनरवर C0035, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर. लाइव्ह डेटात बाकी तीन चाकं ४० दाखवत असताना हे चाक क्षणभर शून्यावर येतं आणि लगेच सावरतं.

सेन्सर जुना, दोन वायरींचा आहे. कनेक्टर उघडून साफ केला; पिना हिरव्या पडलेल्या नाहीत, घट्ट बसतात. मॉड्यूलच्या अर्थिंगवर इग्निशन चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.०५ व्होल्टच्या आत फरक येतो, त्यामुळे अर्थिंगवर माझा संशय नाही. बेअरिंगला खेळ नाही, दात स्वच्छ आहेत. थंड सेन्सरचा रेझिस्टन्स १.१ किलोओहम, स्थिर.

संशय शॉकअबसॉर्बरजवळ वळणाऱ्या वायरवर आहे. तिथे वरचं आवरण शाबूत राहून आतली तार तुटू शकते. पण कनेक्टरपाशी मोजताना वायर हलवली तरी आकडा हलत नाही.

ऑसिलोस्कोप नाही, फक्त मल्टिमीटर. मॉड्यूलच्या टोकाकडून मोजत आधी वायर वाकवून आणि नंतर सेन्सर हेअर ड्रायरने तापवून पाहिलं, तर दोष कुठला ते खात्रीने कळेल का, की सेन्सर डावा-उजवा बदलून कोड सरकतो का ते पाहणं बरं?