मदत हवी आहे: बैठ्या कुत्र्यांची जोडी, पण दोन्ही एकाच वयाचे वाटत नाहीत

रेवती_बडोदा
दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या कपाटात चिनी मातीचे दोन स्पॅनियल कुत्रे निघाले. पांढरं अंग, गळ्यात सोनेरी साखळी, उंची २४ सेंमी, शिक्का नाही. घरातले म्हणतात, दोन्ही १८५० च्या सुमाराचे, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचे. पण डाव्याच्या तळाला काडेपेटीच्या काडीएवढं भोक आहे, उजव्याच्या भोकात करंगळी जाते. वजन ७८० आणि ५४० ग्रॅम. उजव्याला तडे जास्त, म्हणजे तोच जुना ना?

गोविंद_इंदूर
अर्थात. नव्या मालाला तडे कुठून येणार?

भट्टीवाला
गोविंदराव, तसं नाही. भाजल्यावर थंड होताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा जास्त आकसलं की तडकतं. हे भट्टीतून काढल्या दिवशीही होतं. नकली मालात तर तडे मुद्दाम पाडून त्यात रंग भरतात. तेव्हा रेवतीताई, डाग कुठे आहेत ते बघा. रेघा सगळीकडे सारख्याच तपकिरी असतील तर संशय घ्या. वापरातल्या वस्तूत तळ आणि खरचटलेल्या कडा जास्त काळवंडतात.

भोक जास्त बोलतं. जुन्या पद्धतीत साच्याच्या दोन्ही अर्ध्यांत मातीची पोळी अंगठ्याने दाबून बसवत आणि मग अर्धे जोडत. आत कोंडलेली हवा भाजताना निघावी म्हणून बारीक भोक पुरे. ओतीव कामात पातळ माती साच्यात भरतात, भिंत धरली की उरलेली ओतून टाकतात, म्हणून भोक मोठं. भिंतही पातळ, त्यामुळे वजन कमी. उजव्यात मोबाईलचा टॉर्च मारा. बाहेर जिथे उंचवटा, तिथे आत खळगा दिसला तर तो ओतीव. सांध्याची रेघ दोन्हीला असणारच, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

सुनंदा_ग्वाल्हेर
माझ्या नर्तकीच्या तळाला 'मेड इन ऑक्युपाइड जपान' लिहिलंय आणि तडा एकही नाही. नकली का हो?

भट्टीवाला
नाही, तेवढ्यावरून नकली म्हणता येणार नाही. कडक पोर्सिलीनला सहसा तडे जात नाहीत. तो शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ताब्याच्या काळातला, म्हणजे १९४५ ते १९५२.

रेवती_बडोदा
पाहिलं. उजव्याच्या छातीमागे आत सरळ खळगा आहे, डागही सगळीकडे एकसारखे. साखळी पितळेसारखी चकाकते. डाव्याची साखळी मंद सोनेरी, जागोजागी झिजलेली. त्याच्या मिशाही कमीजास्त लांबीच्या, ब्रश उचललेला कळतो.

भट्टीवाला
मग उजवा नंतरचा, बहुधा फुटलेल्याच्या जागी आणलेला. आरशासारखं चमकणारं ते द्रव सोनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळलं, आणि अशा नकला आजही होतात.

गोविंद_इंदूर
म्हणजे डावा १८५० चा, ठरलं!

भट्टीवाला
ठरलं कसं? दाबून घडवण्याची पद्धत विसाव्या शतकातही चालू होती, तीही जुन्याच साच्यांवर. सोनं मंद आहे म्हणून १८५० कडे झुकतो, इतकंच. ताई, डाव्याचे पुढचे पाय अंगापासून सुटे आहेत की चिकटलेले? सुटे पाय वेगळे घडवून जोडावे लागत, ते महागडं काम. बाजूने फोटो टाका.